शिक्षक दिनाचं भाषण: एक आठवण, साडेतीन मिनिटं

दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या स्टाफरूमच्या दारात दहावीची दोन-तीन मुलं कागद घेऊन उभी राहतात. "बाई, शिक्षक दिनाचं भाषण बघता का?" मी बघते. कागदावर मेणबत्ती असते, मडकं घडवणारा कुंभार असतो, ‘गुरुर्ब्रह्मा’ असतं. समोर बसणार असलेल्या शिक्षकांपैकी मात्र त्यात कुणीच नसतं. तोच कागद जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत वाचला तरी चालेल, असा असतो.

मी साताऱ्यात मराठी शिकवते. हा लेख त्या मुलांसाठी आहे, आणि रात्री जेवणं झाल्यावर त्यांना भाषण ‘लिहून देणाऱ्या’ पालकांसाठीही. कसं करायचं ते क्रमानं सांगते. क्रम मोडू नका, कारण बहुतेक मुलं चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

1. आधी तीन गोष्टी विचारून घ्या

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सूत्रसंचालन करणाऱ्याला नेमकं विचारा, मला किती मिनिटं? "बोल की पाच-दहा मिनिटं" हे उत्तर धरू नका. त्या दिवशी चार-पाच वक्ते, सत्कार, मुख्याध्यापकांचं मनोगत असं सगळं असतं, त्यामुळे तुमच्या वाट्याला तीन-चार मिनिटंच येतात. सावकाश, थांबत बोललं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे साडेतीन मिनिटांचं भाषण साडेतीनशे शब्दांचं, फुलस्केपवर दीड पानाच्या आसपास. तीन पानं भरली असतील तर ते भाषण धावत वाचावं लागणार, हे आधीच ओळखा.

दुसरी गोष्ट जागा. आपल्याकडे 5 सप्टेंबरला पाऊस गेलेला नसतो. कार्यक्रम पत्र्याच्या हॉलमध्ये असेल आणि सर आली, तर माईक असूनही मागच्या चार रांगांना काही ऐकू येत नाही. त्यावर काय करायचं ते पुढे सांगते. कार्यक्रम कुठे आहे ते मात्र आजच विचारून ठेवा.

तिसरी गोष्ट दिवस कसा जाणार. बऱ्याच शाळांत त्या दिवशी दहावीची मुलंच शिक्षक होतात. सकाळपासून साडी नेसून किंवा टाय लावून पाचवी-सहावीला चार तास शिकवलेले असतात आणि शेवटी भाषण. आवाज बसलेला असतो, पाय दुखत असतात. तुम्ही एक दिवसाचे शिक्षक होणार असाल, तर मधल्या तासात ओरडून वर्ग शांत करू नका आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा.

तपासा: गणपती कधी आहेत ते बघा. 2024 मध्ये गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. 2025 मध्ये शिक्षक दिन अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आला. अशा वर्षी "शेवटच्या दोन दिवसांत सराव करू" म्हटलं की सराव राहतोच. मसुदा ऑगस्ट संपायच्या आत तयार हवा.

2. आठवणी गोळा करा, अजून भाषण लिहू नका

"तुझे आवडते शिक्षक कोण?" असं विचारलं की मुलं नाव सांगतात आणि मग "ते खूप छान शिकवतात" यापुढे जात नाहीत. प्रश्न वेगळे विचारावे लागतात. वहीचं एक पान घ्या आणि यांची उत्तरं लिहा:

- कुठल्या शिक्षकांचं कोणतं वाक्य अजून जसंच्या तसं कानात आहे?
- वहीत, पेपरवर शिक्षकांच्या हाताचं असं काय लिहिलेलं आहे, जे मी पुन्हा उघडून बघितलं?
- मी चुकलो किंवा चुकले आणि शिक्षकांनी मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच काही केलं, असं कधी झालं?
- आज मी एखादी गोष्ट अशीच का करते, तर त्या शिक्षकांमुळे, असं काही आहे?

दुसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. त्यासाठी आठवी-नववीच्या जुन्या वह्या माळ्यावरून काढा. डोक्यातल्या आठवणी पुसट झालेल्या असतात, पण लाल पेनाचा शेरा तारखेसकट तिथे असतो.

मागे एका मुलीनं पहिला कागद आणला तेव्हा त्यात विज्ञानाच्या बाईंबद्दल एवढंच होतं: "बाई आम्हाला प्रत्येक प्रयोग स्वतः करून दाखवतात व आमच्यात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवतात." मी तिला म्हटलं, हे प्रगतिपुस्तकातलं वाक्य झालं, तू प्रयोगवही आण. तिनं आठवीची वही आणली. एका पानावर पेन्सिलीनं एक गोल काढलेलं होतं, जाड काळ्या कडेचं, आणि बाजूला लाल अक्षरांत "हवेचा बुडबुडा. बरोबर पाहिलंस." मी विचारलं, हे काय? तिनं सांगायला सुरुवात केली आणि पाच मिनिटं थांबलीच नाही. भाषण तिथे होतं.

3. आठवण पारखून घ्या

पानावर पाच-सहा आठवणी आल्या की प्रत्येकीला दोन कसोट्या लावा.

पहिली कसोटी नावाची. त्या शिक्षकांच्या नावाऐवजी दुसऱ्या शिक्षकांचं नाव घालून वाचा. वाक्य तरीही खरं वाटलं, तर ती आठवण नाही. "सर वेळोवेळी मार्गदर्शन करतात" हे कुणालाही लागू पडतं. "बरोबर पाहिलंस" हा शेरा त्या बाईंशिवाय दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. तीच ठेवा.

दुसरी कसोटी जास्त नाजूक आहे: ही गोष्ट भरसभेत सांगितलेली चालेल का? एका वर्षी एका मुलानं सहलीचे पैसे सरांनी गुपचूप भरल्याचं व्यासपीठावरून सांगितलं. त्याच्या मनात निव्वळ कृतज्ञता होती. पण सरांनी मान खाली घातली. ती मदत त्यांनी कुणाला कळू नये म्हणूनच तशी केली होती. दुसऱ्या दिवशी मुलालाही वर्गात नको ते प्रश्न झाले. त्याचा कागद मी आधी पाहिला होता आणि हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेव्हापासून पैसे, आजारपण, घरातली भांडणं असं काही आठवणीत असेल, तर त्या शिक्षकांना आधी विचारल्याशिवाय मी ते भाषणात येऊ देत नाही. ‘नको’ म्हणाले तर ती गोष्ट त्यांना पत्रात लिहा. भाषणासाठी दुसरी आठवण घ्या.

सावधान: "सरांच्या छडीमुळे मी घडलो" हे वाक्य टाळाच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली आहे. तुम्ही कौतुकानं बोलाल, पण पालकांसमोर त्या सरांची अडचण होईल. वर्गमित्राची फजिती झालेला किस्साही त्याला न विचारता सांगू नका.

यातून एकच आठवण निवडा. दोन आवडल्या तरी एकच. साडेतीन मिनिटांत एकच गोष्ट नीट दिसते.

4. आता लिहा, आणि प्रसंगाच्या मध्यातून सुरू करा

आठवण सांगताना मुलं निष्कर्ष आधी सांगतात: "बाईंनी मला प्रामाणिकपणा शिकवला. एकदा काय झालं…" ऐकणाऱ्याला शेवट कळलेला असतो, मग तो ऐकत नाही. आधी जागा, मग आपण काय केलं, मग शिक्षकांनी काय केलं आणि त्यांचे शब्द, असा क्रम ठेवा. काय शिकलो ते त्यानंतर. त्या मुलीचा मधला भाग शेवटी असा झाला:

"आठवीत आम्ही प्रयोगशाळेत कांद्याच्या पेशी बघत होतो. काचपट्टीवर पापुद्रा ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला, वर आच्छादक काच ठेवली. माझी पाळी आली तेव्हा मला काळ्या कडेचं एक गोल दिसलं. पेशी काही दिसल्याच नाहीत. मागे रांग होती. मी जागेवर गेले आणि पुस्तकात बघून विटा रचल्यासारख्या पेशी काढल्या. बाईंनी वही बघितली. मला पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी नेलं, स्वतः आत डोकावून बघितलं आणि म्हटल्या, ‘पुस्तकातलं चित्र मी पाहिलंय. तुला काय दिसलं ते काढ.’ मी घाबरत घाबरत ते गोल काढलं. बाईंनी बाजूला लाल पेनानं लिहिलं, ‘हवेचा बुडबुडा. बरोबर पाहिलंस.’ मग मला नवी काचपट्टी करायला लावली. आच्छादक काच तिरकी धरून हळू टेकवायची, म्हणजे बुडबुडा राहत नाही, हे मी त्या दिवशी शिकले."

यात "बाई प्रेमळ आहेत" असं कुठेही नाही. बाईंनी स्वतः वाकून सूक्ष्मदर्शकात बघितलं, एवढंच आहे. तेवढ्यानं समोरच्या पालकांना बाई दिसतात. पहिल्या मसुद्यात ते वाकून बघणं नव्हतं, मी विचारलं तेव्हा तिला आठवलं. म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याशी थांबा आणि स्वतःला विचारा, त्या वेळी शिक्षकांचे हात काय करत होते?

भाषा बोलीच ठेवा. "असे असता मला एक वर्तुळ दृष्टीस पडले" असं तुम्ही कधी बोलत नाही, तर व्यासपीठावरही बोलू नका. आपल्याकडे "बाई म्हटल्या" म्हणतात, ती पोर "म्हटल्या"च म्हणाली आणि मी ते बदललं नाही.

5. धन्यवाद कशाबद्दल, ते सांगा

सर्वात जास्त भाषणं इथे ढासळतात. प्रसंग छान सांगितलेला असतो आणि मग "अशा या शिक्षकांचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही" येतं. आभार एवढे मोठे झाले की ते कशाचेच राहत नाहीत. प्रसंग आणि आज यांच्यामध्ये एक छोटा, खरा पुरावा हवा: त्यानंतर मी काय वेगळं केलं? त्या मुलीला दोन दिवस सुचेना. तिसऱ्या दिवशी ती हे घेऊन आली:

"गेल्या महिन्यात भिंगाचं नाभीय अंतर काढताना माझं उत्तर सगळ्यांपेक्षा वेगळं आलं. शेजारच्या वहीत बघून बदलता आलं असतं. मी आलं तेच लिहिलं आणि पुन्हा मोजलं. माझी पट्टी शून्यापासून धरलेलीच नव्हती. चूक मला सापडली, कारण मी ती लपवली नव्हती. बाई, त्याबद्दल धन्यवाद."

"बाई, त्याबद्दल धन्यवाद" म्हणताना बाईंकडे बघायचं. हे वाक्य सगळ्या सभेला उद्देशून नाही.

तपासा: "त्याबद्दल" या शब्दावर बोट ठेवा. तो नेमका कशाकडे बोट दाखवतो ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. नाही आलं, तर अजून पुरावा मिळालेला नाही.

6. बाकीच्या शिक्षकांचं काय?

हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं आणि रास्त आहे. एकाच बाईंवर बोलून खाली बसलात तर समोरचे पंधरा-वीस शिक्षक नुसते प्रेक्षक होतात. त्यावर उपाय म्हणून मुलं सगळ्यांची नावं एका दमात वाचतात, आणि घाईत एखादं नाव राहतं. राहिलेलं नाव वर्षभर बोचतं, हे मी स्टाफरूममध्ये बसून बघितलंय.

त्यापेक्षा आठवडाभर आधी वर्गात कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. प्रत्येकानं कुठल्याही एका शिक्षकांबद्दल एक ओळ लिहायची, त्यात एक वस्तू किंवा एक वाक्य असलंच पाहिजे. त्यातल्या तीन-चार ओळी घ्या. आमच्या वर्गातल्या अशा होत्या:

"भूगोलाचे सर फळ्यावर हातानं महाराष्ट्राचा नकाशा काढतात आणि सातारा कुठे ते खडूच्या एका टिंबानं दाखवतात." "गणिताच्या बाई उत्तर बरोबर आलं तरी विचारतात, ‘दुसऱ्या रीतीनं येईल का?’" "पावसात मैदानावर चिखल असला की पीटीचे सर व्हरांड्यात बुद्धिबळाचे पट मांडून ठेवतात." आणि एक शिपाई मामांबद्दल होती: "एसटी चुकली की संध्याकाळी मामा आमच्याबरोबर फाटकापाशी थांबतात." ही शेवटची चिठ्ठी वाचली तेव्हा हॉलमध्ये सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

ओळींच्या आधी जोडवाक्य एकच पुरे: "मी माझी गोष्ट सांगितली. वर्गातल्या बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांतून आता थोडं वाचते." ‘सर्वांत लाडक्या’, ‘सर्वश्रेष्ठ’ असले शब्द कुणालाही लावू नका, त्यातून उगाच तुलना होते. चिठ्ठी निवडतानाही दुसरी कसोटी लावायचीच.

7. सुरुवात आणि शेवट सगळ्यात शेवटी लिहा

"अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, मी आज जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." पाठ असलेलं हे वाक्य वीस सेकंद खातं, आणि ते सुरू झालं की मुलं चुळबुळ करायला लागतात. "अध्यक्ष, सर्व शिक्षक, पालक आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार" एवढ्यात मान राखला जातो. पुढचं वाक्य थेट "आठवीत आम्ही प्रयोगशाळेत…"

आपल्या जिल्ह्यात अजून एक मोह असतो. सावित्रीबाई नायगावच्या, कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये कराडजवळ काले इथे सुरू केली, आणि 5 सप्टेंबर हा डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. हे सगळं सांगावंसं वाटतं आणि दीड मिनिट निघून जातं. ती माहिती प्रास्ताविकात येऊन गेलेली असते. सावित्रीबाईंवर बोलायला 3 जानेवारी आहे, कर्मवीरांवर 22 सप्टेंबर. तुमच्या साडेतीन मिनिटांत तुमच्या शाळेतली माणसं येऊ द्या.

शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते" याची गरज नाही. चिठ्ठीची शेवटची ओळ वाचा, "सगळ्यांना धन्यवाद" म्हणा आणि नमस्कार करा.

8. सराव

शब्दन् शब्द पाठ करू नका. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं, आणि मूल छताकडे बघत उभं राहतं. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरांत फक्त खुणा लिहा. त्या मुलीच्या कार्डावर एवढंच होतं: *पापुद्रा – रांग – बाई वाकल्या – लाल पेन – पट्टी – धन्यवाद*. खाली चिठ्ठ्यांच्या ओळी पूर्ण. पाठ करायची असतात फक्त शिक्षकांची मूळ वाक्यं, कारण ती शब्दशः यायला हवीत.

उभं राहून, मोठ्यानं, मोबाइलवर वेळ लावून किमान तीनदा म्हणा. तिसऱ्यांदाही चार मिनिटांच्या वर गेलं, तर प्रसंगाला हात लावू नका, एक चिठ्ठी कमी करा. एकदा घरातल्या अशा माणसासमोर म्हणा, ज्यांना ते शिक्षक माहीत नाहीत. आजीला विचारा, "बाईंनी काय केलं?" आजीनं नीट सांगितलं तर प्रसंग पोचला.

सरावात आवाज कुठे भरून येतो तेही कळतं. बहुतेकांचा शिक्षकांच्या वाक्यापाशी येतो. कार्डावर तिथे एक उभी रेघ मारा. त्या जागी थांबायचं, श्वास घ्यायचा, मग पुढे. थांबणं समोरच्यांना खटकत नाही. घाईघाईत गिळलेलं वाक्य मात्र कुणालाच ऐकू जात नाही.

9. त्या दिवशी

माईकपासून तोंड चार बोटं लांब ठेवा आणि "हॅलो, हॅलो" करू नका, ते आधीच झालेलं असतं. तुमच्या आठवणीतले शिक्षक कुठे बसलेत ते व्यासपीठावर जाण्याआधी बघून ठेवा, म्हणजे धन्यवाद म्हणताना शोधावं लागणार नाही. ते त्या दिवशी आलेच नसतील तर प्रसंग बदलू नका. "बाई आज इथे नाहीत, पण…" एवढं जोडा आणि तोच प्रसंग सांगा.

पत्र्यावर सर आली तर ओरडून तिच्याशी स्पर्धा करू नका. वाक्य पूर्ण करा आणि थांबा. जोर ओसरला की कार्डावरच्या मागच्या खुणेपासून पुन्हा सुरू करा, कारण मधलं कुणी ऐकलेलं नसतं. पाऊस थांबतच नसेल तर चिठ्ठ्या सोडा, प्रसंग आणि धन्यवाद तेवढे सांगा.

कार्यक्रम झाला की कार्ड फाडू नका. मागच्या बाजूला तारीख, तुकडी आणि आपलं नाव लिहून ते त्या शिक्षकांच्या हातात द्या. जुनी वही दप्तरात असेल तर ते पानही उघडून दाखवा. त्या मुलीनं दाखवलं तेव्हा बाईंनी चष्मा लावून आधी स्वतःचा शेरा वाचला आणि मग तिला विचारलं, "आणि नवी काचपट्टी केलीस, त्याचं चित्र कुठाय?" ते पुढच्याच पानावर होतं.